क्रीडागुणवत्तेवर शुल्कसवलत मिळण्याबाबत विनंती अर्ज

प्रति,
मा. प्राचार्य,
कला व वाणिज्य महाविद्यालय, बेळगाव

विषय : क्रीडागुणवत्तेच्या आधारे चालू वर्षाच्या शुल्कात सवलत मिळणेबाबत.

माननीय महोदय,

मी बी. ए. द्वितीय वर्षात शिकत असून येळ्ळूर येथून रोज महाविद्यालयात येते. राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन मैदानी स्पर्धेत गेल्या वर्षी ५,००० मीटर धावण्यात मी आपल्या महाविद्यालयासाठी द्वितीय क्रमांक मिळवला. साडेबारा फेऱ्यांच्या या शर्यतीत शेवटच्या दोन फेऱ्यांपर्यंत दम टिकवावा लागतो. त्यासाठी पहाटे राजहंसगडाच्या चढावर मी नियमित सराव करते, आणि सरावामुळे तासिका बुडू नयेत याची काळजीही घेते.

माझ्या वडिलांची शेती पावसाच्या भातावर अवलंबून आहे. यंदा कापणीच्या तोंडावर आलेल्या पावसात उभे पीक आडवे झाल्याने संपूर्ण शुल्क एकरकमी भरणे आम्हाला शक्य नाही. धावण्याच्या बुटांचे खिळे झिजले आहेत, तरी त्यांचा खर्च मी पुढे ढकलला आहे. शिक्षण मात्र पुढे ढकलण्याची माझी तयारी नाही.

तरी शिक्षण शुल्कात निम्मी सवलत द्यावी व उर्वरित रक्कम दोन हप्त्यांत भरण्याची परवानगी द्यावी, ही नम्र विनंती. परीक्षा शुल्क मी वेळेत पूर्ण भरेन. माझ्या सरावाविषयी व उपस्थितीविषयी क्रीडा संचालक सरांकडे आपण अवश्य विचारणा करावी.

सोबत : स्पर्धेचे प्रमाणपत्र, मागील वर्षाची गुणपत्रिका व उत्पन्नाचा दाखला.

आपली नम्र विद्यार्थिनी,
रेश्मा पाटील
बी. ए. द्वितीय वर्ष