सायलीची मेंदी 🌿 डोंबिवली (पूर्व) | सणांचं बुकिंग सुरू

घरी कालवलेली मेंदी, घरीच भरलेले कोन
मंगळागौर • हरतालिका • गौरी-गणपती • नवरात्र • दिवाळी • नवरी
काळी मेंदी काढत नाही, विचारू नका 🙏
फक्त बायका आणि मुली (६ वर्षांच्या पुढे)
मानपाडा रोडजवळ, पूर्ण पत्ता बुकिंग झाल्यावर
बुकिंग: मेसेजमध्ये तारीख + किती जणी + कुठपर्यंत हात. कॉल नको, हातात कोन असतो 😅

📌 बुकिंगची पोस्ट, ऑगस्ट ते भाऊबीज २०२५

तर मैत्रिणींनो आणि काकूंनो, दरवर्षी हरतालिकेच्या आदल्या रात्री नऊ वाजता "सायली आत्ता येऊ का गं पटकन दोन हात" असे मेसेज येतात आणि मला नाही म्हणताना फार वाईट वाटतं, म्हणून यंदा सगळं आधीच लिहून ठेवतेय. मी एकटीच आहे, हाताखाली कोणी नाही. साधी वेल काढायला एका हाताला वीसेक मिनिटं लागतात आणि मनगटापर्यंत भरलेला हात असेल तर पाऊण तास कुठेच गेला नाही, त्यामुळे दिवसभरात किती जणी होतील ते तुम्हीच मोजा.

दुसरं म्हणजे मेंदी आयत्या वेळी तयार होत नाही. पावडर सोजतची (राजस्थानातलं सोजत, तिथल्या मेंदीला २०२१ मध्ये जीआय टॅग मिळालाय), ती मी मलमलच्या कपड्यातून परत गाळते कारण एक बारीक काडी राहिली तरी कोन मधेच अडतो. मग लिंबाचा रस, साखर, निलगिरीचं तेल, आणि रात्रभर झाकून ठेवायची. सकाळी वरचा थर तपकिरी दिसला की समजायचं रंग सुटला. त्यानंतर कोन भरायचे आणि थेट फ्रीजर. बाहेर राहिली तर दोन दिवसांत तिचा जोर जातो, आणि म्हणूनच दुकानात महिनोन्महिने टांगलेला कोन दिसला की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो की याच्यात असं काय घातलंय की हा टिकतोय.

कधी काढायची यावर जरा सविस्तर बोलते कारण इथेच सगळ्या चुकतात. मेंदी उतरवल्यावर ती केशरी दिसते, घाबरू नका, खरा गडद रंग एक-दोन दिवसांनी येतो. म्हणजे सणाच्या आदल्या दिवशी नाही तर दोन दिवस आधी काढायची.

मंगळागौर: मंगळवार ५, १२ आणि १९ ऑगस्ट. १२ तारीख फुल्ल आहे. नव्या नवऱ्यामुलींसाठी तळहातावर फुगडी घालणाऱ्या दोघी आणि नथ असं डिझाईन केलंय, माझं लाडकं आहे ते, फोटो वरच्या हायलाइटमध्ये.

राखी: ९ ऑगस्ट, शनिवार. ७ ला संध्याकाळचे तीन स्लॉट उरलेत.

हरतालिका-गणपती: हरतालिका मंगळवारी २६ ला, बाप्पा बुधवारी २७ ला. तुम्ही या रविवारी २४ ला किंवा सोमवारी २५ ला. हरतालिकेच्या दिवशी मी कोणाची मेंदी घेत नाही. माझाही उपास असतो आणि तुमचाही, दोघी निर्जळी बसून एकमेकींचे हात धरून काय करणार 😄

गौरी: आवाहन ३१ ऑगस्ट, पूजन १ सप्टेंबर. खरं सांगू का, पुरण वाटायचं, सोळा भाज्या निवडायच्या, त्या ढीगभर भांड्यांना हात लावायचा, यात कितीही सुंदर मेंदी असली तरी फिकी पडते. ज्या घरची सगळी धुरा तुमच्यावर असेल त्यांनी हाताच्या मागच्या बाजूला छोटी वेल काढावी आणि पैसे वाचवावेत. ज्यांच्या जावा मदतीला आहेत त्यांनी खुशाल भरून घ्या.

पितृपक्षात (८ ते २१ सप्टेंबर) मी निवांत असते. तुळशीच्या लग्नानंतर ज्यांची लग्नं आहेत त्या नवऱ्यांनी ट्रायलला तेव्हाच या, चहा पीत बसून डिझाईन ठरवू.

नवरात्र २२ सप्टेंबरपासून, दसरा २ ऑक्टोबर. गरब्याच्या घामाने ओली मेंदी पसरते, म्हणून त्या दिवशी दुपारी बाराच्या आत उरका. करवा चौथ १० ऑक्टोबर, ८ आणि ९ ला बुकिंग घेतेय.

दिवाळी: नरक चतुर्दशी सोमवार २० ला, म्हणजे पहाटे फडके रोड! तिथे साडी नेसून फोटो काढायचे असतील तर शनिवारी १८ ला या. एक सूचना, अभ्यंगाच्या वेळी उटणं तळहातावर घासू नका, रंग उटण्याबरोबरच निघून जातो. आधी हातावर तेल चोळा आणि उटणं पाठीला लावा. पाडवा २२ आणि भाऊबीज २३ साठी २० ची संध्याकाळ मोकळी ठेवलीय.

आता रेट. एक तळहात साधा २०० रु., दोन्ही तळहात ४००, मनगटापर्यंत आतून-बाहेरून ७००, अर्ध्या कोपरापर्यंत १५००. छोट्या मुलींची टिकली आणि बोटांची टोकं १०० (आजीवाली मेंदी, दहा मिनिटांत होते आणि सगळ्यात गोड दिसते). नवरीची ५००० पासून. चार जणी असतील तर डोंबिवलीत घरी येते, वेगळे पैसे नाहीत. ठाकुर्ली, कल्याण, पलावा २०० जास्त, ठाणे ४००. अॅडव्हान्स ३००, तो आल्याशिवाय नाव लिहीत नाही. दोन दिवस आधी कळवलं तर तारीख बदलून देईन, आयत्या वेळी रद्द केलं तर परत मिळणार नाही, कारण तोवर मेंदी कालवून झालेली असते.

"जरा कमी कर ना गं" हे मनात म्हणा.

काळ्या मेंदीबद्दल एकदाच सांगते. खरी मेंदी काळी नसते, लालसर तपकिरी असते. तासाभरात काळाकुट्ट रंग देणाऱ्या कोनात बहुतेक वेळा पीपीडी असतं, केस काळे करायच्या डायमधलं. मागच्या वर्षी एक मुलगी दुसरीकडून काढून माझ्याकडे आली, वेलीच्या आकाराचे फोड आले होते हातावर, अगदी पानासकट. मी काय करणार, डॉक्टरकडे जा म्हटलं. आणि तान्ह्या बाळाच्या तळव्याला "शकुनाची टिकली" पण मी लावत नाही. काही बाळांना जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, त्यांना मेंदीने रक्ताच्या पेशी फुटायचा त्रास होऊ शकतो. रागावू नका, बाळाला काजळाची तीट लावा गालावर.

येताना हात धुऊन या, क्रीम आणि व्हॅक्सिंग आदल्या दिवशी उरका, बाही सैल असू दे. काढल्यावर चार-सहा तास ठेवा, सुकली की लिंबू-साखरेचं पाणी कापसाने टिपा, पाण्याने धुऊ नका, खरवडून काढा. मग तव्यावर लवंगा टाकून त्या धुरावर हात धरा (लांबून!) आणि पुढचे बारा तास पाणी टाळा. भांडी नवऱ्याला घासू दे, सण आहे. तळहातापेक्षा मागची बाजू नेहमी फिकी येते, तिथली कातडी पातळ असते, तो माझ्या मेंदीचा दोष नाही.

मेसेज असा टाका: "सोमवार २५ ऑगस्ट, दुपारी, ३ जणी, दोन मनगटापर्यंत आणि एक छोटी, तुझ्याकडे येऊ." इतकं असलं की मी रात्री साडेदहानंतर बसून सगळ्यांना उत्तर देते. नुसतं "हाय" आणि "रेट?" वाल्यांना उशीर होईल. २४ ऑगस्टचे सकाळचे दोन, २५ चे पाच, १८ ऑक्टोबरचे सहा स्लॉट आत्ता लिहिताना शिल्लक आहेत 🌿