लालबागच्या खोलीतील मुलाखत: प्रकाश आणि फ्रेमिंगची टिपणे

1982 च्या गिरणी संपात उतरलेल्या निवृत्त साचेवाल्या काकांची मुलाखत त्यांच्याच चाळीतल्या, सुमारे 10 बाय 12 फुटांच्या खोलीत होईल. खोलीला पश्चिमेस एकच खिडकी असून पूर्वेचा दरवाजा गॅलरीत उघडतो. दुपारपर्यंत खिडकीतून थेट ऊन न येता केवळ आकाशाचा मऊ उजेड येतो, त्यामुळे मुख्य मुलाखत सकाळी 9 ते 11.30 या वेळेतच पूर्ण करावी. गॅलरीतून येणारे सकाळचे ऊन मात्र अडवावे लागेल. त्यासाठी दरवाज्यावर काळी चादर टांगावी. शेजाऱ्यांना आदल्या दिवशी कल्पना दिलेली बरी.

ट्यूबलाइट बंद ठेवावी, कारण तिचा रंग खिडकीच्या उजेडाशी जुळत नाही. व्हाइट बॅलन्स 5600 केल्विनवर कायम ठेवावा. ऑटोवर ठेवल्यास ढग आला की चेहऱ्याचा रंग बदलू शकतो. 25 फ्रेमसाठी शटर 1/50 असावे.

काकांची खुर्ची खिडकीपासून चार फुटांवर, भिंतीपासून शक्य तितकी पुढे ठेवावी. खिडकी त्यांच्या एका बाजूला, किंचित समोर यावी आणि ती फ्रेममध्ये दिसू नये. प्रश्न विचारणारी व्यक्ती कॅमेऱ्याच्या खिडकीकडच्या बाजूला, लेन्सच्या अगदी लगत बसेल. त्यामुळे काका उजेडाकडे पाहतील, कॅमेऱ्याला गालाची सावलीची बाजू दिसेल आणि वयाच्या रेषा सपाट होणार नाहीत. खिडकीचा खालचा अर्धा भाग गडद कापडाने झाकावा, म्हणजे उजेड डोळ्यांच्या वरून येईल. उरलेल्या भागावर बटर पेपर फक्त समोरच्या इमारतीवरून ऊन परावर्तित होत असेल तरच लावावा, कारण तो बराच उजेड खातो.

सावलीच्या बाजूला पांढऱ्या थर्माकोलचे दोन बाय तीन फुटांचे पान पुरेसे आहे. ते आधी तीन फुटांवर धरावे आणि सावलीतला डोळा स्पष्ट दिसेपर्यंतच जवळ आणावे. गालांमधला फरक पुसून टाकणे हा त्याचा हेतू नाही. मोटारीच्या काचेला लावायचा चंदेरी पडदा चेहऱ्यावर वापरू नये, कारण त्याची चमक कठोर असते आणि काकांना डोळे मिचकवावे लागतील. तो मागच्या फळीवरची भांडी उजळण्यासाठी ठेवावा. भिंत हिरव्या ऑइलपेंटची आहे, म्हणून तिच्यावरून येणारा रंग गालावर पडत नाही ना, हे थर्माकोल लावल्यावर पाहावे.

फ्रेम छातीपर्यंतची असावी, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर असावा आणि काका ज्या दिशेला पाहतात तिकडे मोकळी जागा राहावी. कपाटाचा आरसा झाकावा. चष्म्याच्या काचेत खिडकी दिसल्यास काड्या कानांवर किंचित उचलाव्यात; तेवढ्याने न भागल्यास खुर्ची थोडी फिरवावी, पण चष्मा काढायला सांगू नये. पांढऱ्याशुभ्र सदऱ्याऐवजी फिकट निळा किंवा राखाडी सदरा घालण्याची विनंती करावी.

हातांचे आणि जुन्या ओळखपत्राचे शॉट मुलाखतीनंतर लगेच, थर्माकोल त्याच बाजूला ठेवून घ्यावेत. साडेबारानंतर ऊन आत शिरू लागते आणि तेव्हाचे शॉट सकाळच्या मुलाखतीत जुळणार नाहीत.