एकाच ब्रॉडबँड बिघाडाच्या वारंवार तक्रारी दुरुस्तीविना बंद केल्याबाबत नियामकाकडे निवेदन

लोकमान्य नगर, इंदूर
दिनांक : ८ सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. सचिव,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण,
नवी दिल्ली

विषय : फायबर ब्रॉडबँडचा एकच बिघाड, सहा तक्रारी, अपील फेटाळले, सेवा-गुणवत्ता नियमांच्या पालनाची चौकशी व्हावी, ही विनंती.

संदर्भ : अपील क्र. अपी/२५/०७/११८४, दि. २१ जुलै २०२५

महोदय,

सादर नमस्कार.

मी लोकमान्य नगरात राहते आणि सियागंजातल्या लहान किराणा व्यापाऱ्यांची जीएसटी विवरणपत्रे घरून भरते. घरात फायबर ब्रॉडबँड आहे आणि त्याचे बिल दर महिन्याला वेळेवर भरलेले आहे. हे पत्र आमच्या वसाहतीच्या सूचना फलकावरही लावायचे आहे, म्हणून कंपनीचे नाव, माझा ग्राहक क्रमांक आणि मोबाइल नंबर पत्रात न देता जोडपत्र 'अ' मध्ये दिले आहेत. शेजाऱ्यांना वाचता यावे म्हणून मूळ पत्र मराठीत आहे. संविधानाच्या कलम ३५० ने ती मुभा दिलीच आहे, तरी आपल्या सोयीसाठी हिंदी प्रत सोबत जोडते.

प्राधिकरण एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही, ती कंपनीकडे पाठवते, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच कंपनीचे तक्रार केंद्र आणि अपिलीय प्राधिकारी हे दोन्ही टप्पे आधी पूर्ण केले. पण पुढचा मजकूर वाचल्यावर हे एका घराचे गाऱ्हाणे नाही, हे आपल्या लक्षात येईल. तक्रारी बंद करण्याची ही पद्धत कंपनीच्या गुणवत्तेच्या नोंदीच खोट्या ठरवणारी आहे.

तक्रारींचा तपशील असा (सर्व २०२५) :

१७ जून, क्र. ४१७०६२२८५३. रात्री पाऊस झाला आणि पहाटेपासून यंत्रावर लाल दिवा. कोणी आले नाही. संध्याकाळी लाइन आपोआप आली. दुसऱ्या दिवशी 'समस्येचे निवारण झाले' असा संदेश.

२४ जून, क्र. ४१७०६२९४०७. पुन्हा लाल दिवा. 'ग्राहक फोनवर उपलब्ध नाही' या शेऱ्यासह बंद. त्या दिवशी मला कंपनीचा एकही फोन आलेला नाही. माझ्या मोबाइल कंपनीकडची कॉल नोंद जोडली आहे.

९ जुलै, क्र. ४१७०६४८१६१. राउटर बंद करून चालू करा, असे सांगून बंद.

१८ जुलै, क्र. ४१७०६५७७३०. या वेळी लाइनमन आला. सविस्तर खाली लिहिते.

४ ऑगस्ट, क्र. ४१७०६७५०९२. पाहणी न करता बंद.

१९ ऑगस्ट, क्र. ४१७०६९११४८. 'निवारण झाले' असा संदेश आला तेव्हा दिवा लालच होता. दिवा आणि मोबाइलवरचा तो संदेश एकाच फोटोत टिपला आहे.

१८ जुलैला आलेला मुलगा कामाचा होता, हे आवर्जून नोंदवते. त्याने भिंतीतून आलेली फायबर काढून मीटरला लावली. आकडा आला उणे २९ डीबीएम. साधारण उणे २७ च्या खाली सिग्नल गेला की घरातल्या यंत्राला तो नीट वाचता येत नाही. मग तो कोपऱ्यावरच्या खांबावर चढला. तिथल्या वाटप पेटीचे झाकण तुटलेले, आत पाणी साचलेले, जोडण्यांवर हिरवट गाळ. ते त्याने मला वरूनच फोटो काढून दाखवले. कनेक्टर पुसून घट्ट केल्यावर आकडा उणे २४ वर आला. जाताना म्हणाला, 'मॅडम, बॉक्स बदले बिना ये फिर होगा. मैंने ऊपर लिख दिया है.' त्याने वर लिहिले असेल, तर ती नोंद कंपनीकडे असणारच. पेटी आजही तशीच आहे. त्या पेटीवरच्या आणखी दोन घरांच्या तक्रारी (क्र. ४१७०६५८२१४ आणि क्र. ४१७०६९१३७५) त्यांच्या संमतीने आणि सहीने जोडल्या आहेत. तिन्ही घरांची लाइन पाऊस आला की जाते आणि ऊन पडले की परत येते.

म्हणजे कारण कंपनीला माहीत आहे. तरीही प्रत्येक तक्रार नवी धरली जाते, दोन-तीन दिवसांत बंद होते आणि कागदावर बिघाड मुदतीत दुरुस्त झालेला दिसतो. सेवेच्या गुणवत्तेचे प्राधिकरणाचे २०२४ चे विनियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहेत, आणि बिघाड किती वेळात दुरुस्त झाला हा त्यातला महत्त्वाचा निकष आहे. पण तक्रार बंद होणे म्हणजेच दुरुस्ती, असे मोजले तर हा निकष उरतोच कुठे? आमच्या पेटीवरच्या सगळ्या तक्रारी कंपनीच्या हिशेबात यशस्वी दुरुस्त्या म्हणून जमा झाल्या असतील, याची मला खरी चीड आहे.

अपिलाचे उत्तर २७ ऑगस्टला आले. २०१२ च्या तक्रार निवारण विनियमांतली ३९ दिवसांची मुदत त्यांनी पाळली, पण उत्तरात एकच ओळ आहे : 'तक्रारी बंद आढळल्या, सबब अपील निकाली.' पेटी, मीटरचा आकडा, लाइनमनची नोंद यांपैकी एकाचाही उल्लेख नाही. या सगळ्याचे फोटो मी अपिलासोबत दिले होते.

जीएसटीआर-३बी साठी महिन्याची २० तारीख असते आणि उशीर झाला तर शून्य नसलेल्या विवरणपत्रावर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क लागते. जुलै आणि ऑगस्टमध्ये लाइन नेमकी त्याच्या तोंडावर गेली. मोबाइलच्या डेटावर रात्री बसून कामे उरकली, म्हणून व्यापाऱ्यांना भुर्दंड पडला नाही. वरच्या घरातल्या आजोबांची डॉक्टरांशी व्हिडिओवरची भेट मात्र दोनदा हुकली, आणि त्याची भरपाई कुठल्या बिलात होणार नाही.

ट्राय अधिनियम, १९९७ च्या कलम ११ नुसार सेवेची गुणवत्ता सुनिश्चित करणे हे प्राधिकरणाचे काम आहे, आणि कलम १२ नुसार कंपनीकडून माहिती मागवण्याचा अधिकार आहे. त्या आधारे माझी विनंती अशी की, या आठही तक्रारी एकाच बिघाडाच्या म्हणून एकत्र पाहाव्यात. कंपनीकडून त्या पेटीवरच्या लाइनच्या सिग्नलच्या नोंदी, १८ जुलैचा लाइनमनचा अहवाल आणि प्रत्येक तक्रार कोणी, कशाच्या आधारे बंद केली याचा तपशील मागवावा. पेटी बदलून तिन्ही घरांचा सिग्नल मोजल्याचा लेखी दाखला आम्हाला मिळावा. जून ते ऑगस्टमधील बंद काळासाठी नियमांनुसार देय असेल ती भाडेकपात तिन्ही ग्राहकांना मिळावी. आणि वारंवार येणारा बिघाड 'दुरुस्त' म्हणून मोजला जाऊ नये, असे निर्देश कंपनीला द्यावेत. माझ्या दृष्टीने यातली शेवटची मागणी सर्वांत महत्त्वाची आहे.

ग्राहक आयोगाकडे जाण्याचा मार्ग आम्हाला खुला आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी तिथे चालतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. भरपाईसाठी आम्ही तो हक्क राखून ठेवत आहोत. पण कंपनीच्या नोंदी तपासणे हे काम आयोगाआधी प्राधिकरणाचे आहे, म्हणून प्रथम आपल्याकडे आले आहे.

या पत्राची पोच आणि कंपनीकडे पाठवल्यास त्या पत्राची प्रत मला मिळावी. पाहणीसाठी कोणी येणार असेल, तर पेटी दाखवायला आमच्यापैकी कोणीतरी कोणत्याही दिवशी हजर राहील.

आपली विश्वासू,
सौ. वैशाली देवस्थळे

जोडपत्रे : (अ) कंपनी व ग्राहकाचा तपशील, (आ) आठ तक्रारींचे क्रमांक आणि त्या नोंदवल्याचे व बंद केल्याचे संदेश, (इ) २४ जूनची कॉल नोंद, (ई) मीटर, पेटी व लाल दिव्याचे फोटो, (उ) अपील व त्याचे उत्तर, (ऊ) तीन महिन्यांची बिले व पावत्या, (ए) दोन शेजाऱ्यांची संमतिपत्रे, (ऐ) हिंदी प्रत.

प्रत माहितीसाठी : प्राधिकरणाचे प्रादेशिक कार्यालय, भोपाळ, लोक तक्रार विभाग, दूरसंचार विभाग, नवी दिल्ली.