उपाहारगृहातील कॅमेरे व चित्रीकरण यांविषयीचे धोरण

लागू: नाशिक येथील गंगापूर रोडवरील आमचे दुमजली शाकाहारी उपाहारगृह, त्यातील ३४ कर्मचारी, येणारे ग्राहक आणि माल पोहोचवणारे पुरवठादार
अंमल: १ जून २०२६ पासून

कॅमेरे कशासाठी

गल्ल्यातील रोकड, कोठीतील माल आणि रद्द होणारी बिले या तीन ठिकाणी होणारे नुकसान शोधता यावे, तसेच मारामारी, अपघात वा छेडछाड झाल्यास खात्रीचा पुरावा हाती असावा, एवढ्याचसाठी हे कॅमेरे आहेत. कोण किती वेळ उभा राहिला, कोणी किती वेळा पाणी प्यायले, कोण कोणाशी बोलले हे मोजण्यासाठी ते नाहीत, आणि अशा कारणासाठी चित्रण पाहणाऱ्यावर, तो व्यवस्थापक असला तरी, कारवाई होईल. कामातील ढिलाई पाहण्याचे काम कॅप्टनचे आहे. ते त्याने टेबलांमध्ये फिरून करावे, पडद्यासमोर बसून नव्हे.

कॅमेऱ्यांच्या जागा

एकूण ११ कॅमेरे आहेत. प्रवेशद्वार, वाहनतळ, मागचा दरवाजा, वरच्या मजल्याकडे जाणारा जिना, गल्ला, पार्सलचे काउंटर, स्वयंपाकघरातून ताटे बाहेर येतात ती खिडकी, कोठी आणि डीप फ्रीझरसमोरील बोळ येथे प्रत्येकी एक, व तळमजल्याच्या दालनात दोन.

गल्ल्यावरचा कॅमेरा छतातून सरळ खाली रोखलेला असून त्यात ड्रॉवर, नोटा मोजणारे हात आणि बिलाचे छपाईयंत्र एवढेच दिसते. रोकड मोजणाऱ्याचा चेहरा दिवसभर टिपून चोरी सापडत नाही, हात दिसले तर सापडते. ग्राहक कार्डाचा पिन ज्या यंत्रावर दाबतो ते यंत्र या चौकटीच्या बाहेर ठेवावे. काउंटरची मांडणी बदलल्यास त्याच दिवशी चौकट पुन्हा तपासावी.

दालनातील दोन कॅमेरे कोपऱ्यांत उंचावर असून त्यांचा रोख टेबलांमधील वाटांवर आहे. कोणत्याही टेबलावर झूम करता येणार नाही अशी त्यांची भिंगे आहेत. वरच्या मजल्यावरील फॅमिली हॉलमध्ये कॅमेरा नाही. तेथे लहान मुलांना घेऊन आलेल्या माता बसतात, साखरपुड्याच्या बैठका होतात, घरगुती बोलणी चालतात. हॉलमध्ये कोण गेले व कोण आले हे जिन्यावरून कळते आणि तेवढे पुरेसे आहे.

स्वच्छतागृहे, त्यांची दारे, कर्मचाऱ्यांची कपडे बदलण्याची खोली, माळ्यावरील झोपण्याची खोली आणि जेवणाच्या सुट्टीत बसण्याचा मागील ओटा या ठिकाणी कॅमेरा कधीही लावला जाणार नाही. संमतीविना खासगी अवयवांचे चित्र टिपणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६ई खाली गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. स्त्रीच्या खासगी क्षणांचे चोरून चित्रीकरण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. खोलीत वा स्वच्छतागृहात कोणाला संशयास्पद वस्तू आढळल्यास तिला हात न लावता व्यवस्थापकाला कळवावे. व्यवस्थापक ताबडतोब पोलिसांना कळवील.

सर्व कॅमेऱ्यांचा आवाज टिपण्याचा भाग बंद आहे. चेहरा ओळखणारी प्रणाली वापरली जाणार नाही, हजेरीसाठीही नाही. छुपा कॅमेरा, चोरीचा कितीही दाट संशय असला तरी, बसवला जाणार नाही.

चोरीची शहानिशा

तूट आढळली की आधी कागद पाहावेत, मग चित्रण. कोठीतून निघालेले तेल, पनीर, सुका मेवा आणि गॅसच्या टाक्या यांची नोंदवही रोज रात्री वजनासह भरली जाते. त्या वहीत फरक दिसेल त्या दिवसाचे व त्या वेळेचेच चित्रण काढले जाईल. बिलांच्या बाबतीत खरी फट केओटी, म्हणजे स्वयंपाकघराला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी, छापून पदार्थ टेबलावर गेल्यानंतर बिल रद्द होते तेथे असते. म्हणून बिलिंगच्या संगणकाचे आणि कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरचे घड्याळ दर सोमवारी जुळवावे आणि तशी सही करावी. दोन्हींत पाच मिनिटांचा जरी फरक असला तरी रद्द झालेले बिल एका वेटरचे आणि चित्रण दुसऱ्याचे असा घोळ होतो, आणि निरपराध माणूस भरडला जातो.

केवळ चित्रणाच्या आधारे कोणाचाही पगार कापला जाणार नाही, टिपचा वाटा रोखला जाणार नाही वा कामावरून काढले जाणार नाही. ज्याच्यावर संशय आहे त्याला दोन दिवसांच्या आत ते चित्रण दाखवले जाईल. त्याने निवडलेला एक सहकारी सोबत बसू शकेल. त्याचे म्हणणे, त्याला येत असलेल्या भाषेत, लिहून घेतले जाईल. नोटा खिशात जाताना दिसणे आणि सुटे पैसे आणायला पाठवलेल्या मुलाने नोट खिशात ठेवणे या दोन गोष्टी पडद्यावर सारख्याच दिसतात.

चित्रण कोण पाहील, किती दिवस राहील

रेकॉर्डर मालकांच्या केबिनमधील कुलूपबंद कपाटात आहे. प्रत्येक कॅमेऱ्याचा वेग सेकंदाला दोन मेगाबिट धरल्यास ११ कॅमेऱ्यांचे दिवसाला सुमारे २३८ जीबी होतात, म्हणून आठ टीबीची डिस्क ३० दिवसांना पुरते. ३० दिवसांनंतर जुने चित्रण आपोआप पुसले जाईल. घटना नोंदलेली असेल तर तेवढाच भाग वेगळा ठेवला जाईल आणि प्रकरण मिटल्यावर नोंद करून नष्ट केला जाईल.

चित्रण पाहण्याचा अधिकार मालक व व्यवस्थापक या दोघांनाच आहे. प्रत्येक वेळी तारीख, कारण आणि पाहिलेला कालावधी वहीत लिहावा. थेट दृश्य मोबाइलवर फक्त मालकांना, तेही उपाहारगृह बंद असताना, उघडता येईल. कॅमेरे बसवणाऱ्या कारागिराने दिलेला पासवर्ड बदललेला आहे आणि दुरुस्तीनंतर प्रत्येक वेळी तो पुन्हा बदलावा. पडद्याचे मोबाइलने छायाचित्र काढणे, ग्राहकाच्या गमतीचा तुकडा व्हॉट्सॲपवर टाकणे किंवा आमच्या जाहिरातीत वापरणे यांस पूर्ण मनाई आहे.

पोलिसांनी लेखी मागणी केल्यास संबंधित भागाची प्रत, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार लागणाऱ्या प्रमाणपत्रासह, दिली जाईल. पाकीट हरवलेल्या ग्राहकाला चित्रण हाती दिले जाणार नाही. व्यवस्थापक स्वतः पाहून काय दिसले ते सांगेल. लैंगिक छळाची तक्रार असल्यास अंतर्गत समितीच्या पीठासीन अधिकारी मागतील तेवढे चित्रण त्याच दिवशी राखून ठेवावे, कारण अशी तक्रार बहुधा उशिरा येते आणि ३० दिवस लवकर सरतात.

ग्राहक व कर्मचाऱ्यांना सूचना

प्रवेशद्वारावर आणि पार्सल काउंटरवर पुढील पाटी राहील: "येथे सुरक्षेसाठी कॅमेरे आहेत. आवाज टिपला जात नाही. फॅमिली हॉलमध्ये कॅमेरा नाही. चित्रण ३० दिवस ठेवले जाते. शंका वा तक्रार असल्यास व्यवस्थापकास भेटावे." एखाद्या ग्राहकाला कॅमेऱ्यासमोर बसणे अवघड वाटत असल्यास कारण न विचारता दुसरे टेबल द्यावे.

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ व त्याखालील २०२५ चे नियम टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. शेवटच्या टप्प्याची वाट न पाहता हे धोरण १ जून २०२६ पासूनच पाळले जाईल. त्याची मराठी व हिंदी प्रत कर्मचाऱ्यांच्या ओट्याजवळ लावली जाईल आणि नव्या माणसाला कामावर घेताना वाचून दाखवली जाईल. नवा कॅमेरा लावायचा वा असलेला हलवायचा असल्यास कर्मचाऱ्यांना १५ दिवस आधी लेखी कळवावे, त्यांच्या हरकती ऐकाव्यात आणि हरकत अमान्य केल्यास तिचे कारण त्याच कागदावर लिहावे.

मालक व व्यवस्थापक यांच्या सह्यांनिशी, नाशिक