एनआयसीयू स्टाफ नर्सच्या जागेसाठी माहिती

नमस्कार मॅडम, मी स्नेहल जाधव, काल दुपारी आपलं फोनवर बोलणं झालं होतं एनआयसीयू स्टाफ नर्सच्या जागेबद्दल. तुम्ही म्हणालात रजिस्ट्रेशन आणि अनुभव नीट टाईप करून पाठवा, तर ते पाठवतेय. थोडं लांब झालंय पण एकदा पूर्ण वाचा प्लीज.

रजिस्ट्रेशन महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं, नर्स आणि मिडवाइफ दोन्ही. नंबर 48217, पहिलं डिसेंबर 2014 चं आहे, गेल्या डिसेंबरमध्ये रिन्यू केलंय, डिसेंबर 2029 पर्यंत व्हॅलिड. पी.बी.बी.एस्सी. 2019 ला झालं, ते पण कौन्सिलला अ‍ॅड करून घेतलंय. एनयूआयडी कार्ड पण आहे. एक गोष्ट आधीच सांगते, कौन्सिलच्या कार्डवर आणि सगळ्या मार्कशीटवर माहेरचं नाव आहे, स्नेहल पाटील, आणि आधार पॅनवर जाधव. 2020 ला लग्न झालं. लग्नाचं सर्टिफिकेट सोबत जोडतेय म्हणजे तुमच्या व्हेरिफिकेशनला अडकायला नको, मागे एका ठिकाणी याच्यावरून तीन आठवडे गेले होते.

आता अनुभव. सीव्हीवर एकूण 7 वर्षं 9 महिने लिहिलंय ते खरंच आहे पण तुमच्या जाहिरातीत एनआयसीयूचा बेडसाइड 5 वर्षं मागितलाय म्हणून मी स्वतः महिने मोजले. फेब्रुवारी 2015 ते जानेवारी 2017 सांगलीत, बाळंतिणींचा वॉर्ड आणि पोस्ट-ऑप. मग दोन वर्षं कॉलेज. ऑक्टोबर 2019 पासून इथे पुण्यात लेव्हल थ्री एनआयसीयूत, म्हणजे जून 2025 पर्यंत 69 महिने. त्यातले 6 महिने मॅटर्निटी लीव्ह, आणि 9 महिने मला इन्फेक्शन कंट्रोलच्या कामाला बसवलं होतं, ऑडिट, हँड हायजीनचे राउंड, रजिस्टर, बाळाला हात नाही. ते मी बेडसाइड धरत नाही. उरले 54 महिने, साडेचार वर्षं. पाच नाहीत मॅडम. लेटरवर सलग दिसतं त्यामुळे कुणाला कळलंही नसतं, पण व्हेंटिलेटरवरचं बाळ माझ्या ताब्यात देणाऱ्यांना मी किती दिवस खरंच इनक्यूबेटरशेजारी उभी होते ते माहीत असायला पाहिजे असं मला वाटतं.

या साडेचार वर्षांत व्हेंटिलेटर, बबल सीपॅप, हाय फ्लो हे रोजचं. सीपॅपचा प्राँग नाकावर दाबून सेप्टमला जखम होते, ती होऊ न देणं हे माझ्या शिफ्टला मी फार जपते, दर दोन-तीन तासांनी बघते. पीआयसीसी आणि यूव्हीसी लाईनची काळजी, डॉक्टरांना असिस्ट, सर्फॅक्टंट देताना असिस्ट, फोटोथेरपी, सिरिंज पंपचे डोस काढणं आणि दुसऱ्या सिस्टरकडून चेक करून घेणं. एक्सचेंज ट्रान्सफ्यूजन चार वेळा असिस्ट केलंय. एचएफओ व्हेंटिलेटरवरची बाळं फक्त सहा-सात बघितली, तीही सीनियर सोबत असताना, तिथे मला शिकवावं लागेल. कूलिंग कधीच केलं नाही. सगळ्यात लहान बाळ 840 ग्रॅमचं होतं, 28 आठवड्यांचं, ते 71 व्या दिवशी आईच्या छातीशी घरी गेलं. कांगारू केअरला घाबरलेल्या आयांना बसवणं, दूध काढायला शिकवणं, हे काम मला मनापासून आवडतं आणि त्याला वेळ मिळतो का हे मी तुमच्या इन्चार्ज सिस्टरांना विचारणार आहे. एनआरपीचा कोर्स गेल्या वर्षी परत केलाय.

सांगलीच्या हॉस्पिटलच्या अनुभव पत्रात नुसतं 'स्टाफ नर्स' लिहिलंय, वॉर्ड लिहिला नाही, सांगूनही बदलून मिळालं नाही. त्या वेळच्या इन्चार्ज सिस्टर फोनवर सांगायला तयार आहेत, नंबर त्यांना विचारूनच देईन.

आत्ता हातात 32,000 येतात, माझी अपेक्षा 40,000 ची आहे, अर्धं वर्ष कमी पडतंय म्हणून थोडं खाली यायला तयार आहे पण मला एनआयसीयूच पाहिजे, जॉइन झाल्यावर जनरल वॉर्डला फिरवणार असाल तर आधीच सांगा. नाइट चालतील, महिन्याला आठपर्यंत, मुलगा तीन वर्षांचा आहे, सासूबाई घरी असतात. नोटीस एक महिना.

कार्ड, मार्कशीट, दोन्ही अनुभव पत्रं आणि एनआरपीचं सर्टिफिकेट खाली पाठवतेय. आज रात्री ड्यूटी आहे, सकाळी 8 ला सुटते, त्यामुळे उद्या फोन केलात तर दुपारी दोन नंतर करा. साडेचार वर्षांवर तुमच्याकडे विचार होत नसेल तर तेही स्पष्ट कळवा मॅडम, मी वाट बघत बसणार नाही. इंटरव्ह्यूला बोलावलंत तर गुरुवारी माझी सुट्टी आहे, ओरिजिनल घेऊन येते.