केळीच्या मृगबागेचा नकाशा: फोटोवरून उतरवलेला आराखडा

नाना,

बैठकीत भिंतीवर लावलेल्या चार्टपेपरचे तुम्ही पाठवलेले दोन्ही फोटो मोठे करून बघितले. त्यावरून हे टाइप केलं आहे. कुठली फांदी कुठून फुटली हे आकड्यावरून कळेल: ३.१.१ ही ३.१ ची पोटफांदी, ३.१ ही ३ ची. ओळी आत सरकवल्यात, पण ग्रुपवर टाकल्यावर ते अंतर मोडतं, म्हणून भरवसा आकड्यांवर ठेवा.

कागदावर क्रम असा नव्हताच. मी वर उजवीकडून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गेले, त्यामुळे १ हे ५ पेक्षा महत्त्वाचं असं कुणी समजू नये. तुटक रेघा म्हणजे फांद्या नाहीत, नुसते संबंध. तिथे ⇢ घातलाय. चौकटी कंसातलं माझं, बाकी शब्द जसेच्या तसे.

```
मध्यभागी: मृगबाग, येता हंगाम

१ रोपं
  १.१ टिश्यूकल्चर, ग्रँड नैन
    १.१.१ बुकिंग आधी, जूनमध्ये धावपळ नको
    १.१.२ सगळ्यांनी एकाच नर्सरीतून
      १.१.२.१ गाडीभाडं वाटून
      १.१.२.२ रोग आला तर सगळ्यांकडेच! [लाल पेनाने]
              ⇢ ३.१
  १.२ मुनवे
    १.२.१ रोगट बागेतले नकोत ⇢ ३.१
२ लागवड
  २.१ अंतर
    २.१.१ ५ × ५ फूट: एकरी १७४२ झाडं
    २.१.२ ६ × ५ फूट: एकरी १४५२
      २.१.२.१ हवा खेळते ⇢ ३.२
  २.२ ठिबक
  २.३ कडेने शेवरी ⇢ ४.३
३ रोग
  ३.१ सीएमव्ही
    ३.१.१ मावा पसरवतो
      ३.१.१.१ बागेत काकडी, भोपळा, टोमॅटो नको
      ३.१.१.२ बांधावरचं तण काढा
    ३.१.२ झाड दिसलं की मुळासकट उपटा
      ३.१.२.१ आधी फोटो काढा
  ३.२ करपा
    ३.२.१ रोगट पानं कापून बागेबाहेर
४ हवामान
  ४.१ थंडी
    ४.१.१ चरका
  ४.२ मे महिन्यातलं ऊन
  ४.३ वादळ
    ४.३.१ घडाच्या झाडाला आधार
५ पैसा
  ५.१ फळपीक विमा ⇢ ४
    ५.१.१ कमी तापमान, जास्त तापमान,
          वेगाचा वारा, गारपीट
    ५.१.२ मुदत चुकवू नका
  ५.२ भाव
    ५.२.१ बऱ्हाणपूरचा रोज बघा
    ५.२.२ गटाने एकत्र माल
      ५.२.२.१ सावद्याहून रेल्वे?
      ५.२.२.२ जळगाव केळी, जीआय २०१६:
              बॉक्सवर छापता येईल का
सुटं [एकाही रेघेला जोडलेलं नाही]
  • पिलबाग ठेवायची की नाही
```

काही ठिकाणी मला ठरवावं लागलं, ते तपासा.

विमा कागदावर अगदी वादळाला खेटून लिहिलाय, म्हणून पहिल्यांदा बघणारा तो हवामानात घालेल. पण त्याची जाड रेघ पैशाकडे जाते आणि हवामानाकडे फक्त तुटक रेघ आहे. जवळ कोण बसलंय यापेक्षा रेघ कुठून निघाली तेच मी धरलं, आणि हा नियम सगळीकडे लावला. चार्टपेपरवर जागा संपली की माणूस मिळेल तिथे लिहितो.

शेवरीला दोन जाड रेघा आहेत: एक लागवडीकडून, एक वादळाकडून. आराखड्यात एक गोष्ट दोन बापांची दाखवता येत नाही. तिला लागवडीत ठेवलं, कारण लावायची वेळ बागेबरोबरच येते. दुसरी रेघ बाणाने दाखवली. उलट हवं असेल तर ४.३.२ करा आणि बाण २ कडे फिरवा.

‘हवा खेळते’ची रेघ ठिबकच्या अक्षरांखालून गेली आहे. पहिल्या फोटोत ती ठिबकमधूनच फुटल्यासारखी दिसते. दुसऱ्या, तिरक्या फोटोत ती सलग ‘६ × ५’ पर्यंत पोचते. अर्थही तिथेच लागतो, पण अर्थ लागतो म्हणून नाही, रेघ दिसली म्हणून तिथे ठेवलं.

‘आधी फोटो काढा’ हे कुणीतरी नंतर वेगळ्या शाईने लिहिलंय आणि त्याला बारीकशी रेघ आहे. उपटण्याखाली आहे, म्हणजे उपटण्याआधी काढायचा असा मी अर्थ घेतला.

डाव्या खालच्या कोपऱ्यात कुणाच्या तरी अंगठ्याची सावली आहे. तिथे चरक्यातून निघालेली अजून एक फांदी आहे. तिच्यातला फक्त ‘रात्री’ एवढा शब्द लागतो. रात्री पाणी द्या, की रात्री धूर करा, हे मी मनाने भरणार नाही. मूळ कागद तुमच्याकडेच गुंडाळून ठेवलाय ना? तेवढ्या कोपऱ्याचा फोटो उजेडात काढून पाठवा, ४.१.१.१ म्हणून घालते.

आणि पिलबागेचा प्रश्न कुणाच्या फांदीवर बसवायचा, हे गटातच विचारा. रोपांखाली गेला तर तो मुनव्यांच्या निवडीचा विषय होईल, पैशाखाली गेला तर हिशोबाचा. बैठकीत तो कुणी काढला ते मला माहीत नाही, म्हणून सुटाच ठेवलाय.

तुमची पुतणी