कोन दुभागणं आणि लंब टाकणं, फक्त कंपास आणि पट्टीने

मुलांनो, आजच्या तासाला कोनमापक आणि गुण्या दोन्ही कंपासपेटीतच ठेवा, पट्टीसुद्धा फक्त सरळ रेघ मारायला वापरायची, तिच्यावरचे सेंटीमीटर बघायचे नाहीत. म्हणजे मोजायचं काहीच नाही आणि तरी उत्तर अगदी बरोबर यायला हवं, आणि ते येतं!

आधी कंपास नीट करा. स्क्रू घट्ट हवा, पेन्सिल छोटी आणि टोकदार. कंपास वरून चिमटीत धरून फिरवायचा, पाय धरून फिरवलात तर तो सरकतो आणि कंस बिघडतो.

आता कोन दुभागू. वहीत कोणताही कोन अबक काढा, शिरोबिंदू ब. कंपासचं टोक ब वर ठेवून एक कंस मारा, तो दोन्ही भुजांना जिथे कापेल तिथे प आणि फ लिहा. मग टोक प वर ठेवून कोनाच्या आत एक कंस, आणि कंपास अजिबात न हलवता फ वरून दुसरा कंस. दोन्ही जिथे छेदतात तो म. ब पासून म मधून जाणारा किरण काढा, झाला कोनदुभाजक.

इथे दरवर्षी एक प्रश्न येतो, की पहिल्या कंसाला जी त्रिज्या घेतली तीच पुढे ठेवायची का? गरज नाही. प आणि फ वरचे दोन कंस मात्र एकमेकांसारखेच हवेत, कारण सगळी गंमत त्यातच आहे. आणि ही त्रिज्या पफ च्या निम्म्यापेक्षा जास्त हवी, नाहीतर कंस भेटणारच नाहीत. शक्यतो म हा ब पासून लांब येईल असं बघा, म जवळ आला की पट्टी जराशी सरकली तरी किरण वाकडा जातो.

पण हे बरोबर कशावरून? पम आणि फम जोडा. बप आणि बफ एकाच कंसामुळे सारखे, पम आणि फम सारख्या त्रिज्येमुळे सारखे, बम दोघांत सामाईक. बाबाबा कसोटीने दोन्ही त्रिकोण एकरूप, म्हणून ब जवळचे दोन्ही कोन सारखे. हे नुसतं पाठ करू नका, कंस म्हणजे “इथून अंतर सारखं” एवढंच लक्षात ठेवलंत तर पायऱ्या विसरलात तरी पुन्हा शोधून काढता येतील.

आता लंब. रेषेवर एक बिंदू ट घ्या, तिथे लंब हवाय. नवीन काहीच शिकायचं नाहीये, ट जवळ सरळ कोन आहे, १८० अंशांचा, तोच दुभागायचा! ट वरून दोन्हीकडे कंस मारून प आणि फ मिळवा, मग कंपास जरा जास्त उघडून प आणि फ वरून वर कंस मारा. जास्त उघडायचा कारण टप हेच पफ च्या निम्मं आहे, तेवढीच त्रिज्या ठेवलीत तर कंस ट वरच टेकतील, वर छेदणार नाहीत.

बिंदू च रेषेच्या बाहेर असेल तर च वरून एवढा मोठा कंस मारा की तो रेषेला दोनदा कापेल. त्या दोन बिंदूंवरून रेषेच्या पलीकडच्या बाजूला सारख्या त्रिज्येचे कंस मारा, छेदनबिंदू च ला जोडा. हाही कोनदुभाजकच आहे, फक्त शिरोबिंदू च आहे, आणि समद्विभुज त्रिकोणात शिरोकोनाचा दुभाजक पायाला लंब असतो.

ही पद्धत खूप जुनी आहे. युक्लिडच्या पहिल्याच पुस्तकात ९, ११ आणि १२ या विधानांत हीच तीन कामं आहेत, आणि आपल्याकडे शुल्बसूत्रांत दोरी आणि खुंट्या वापरून वेदी आखायच्या रीती दिल्यात, म्हणजे कंपासच तो, मैदानावरचा. मग कोनाचे तीन सारखे भाग? ९० अंशांचे होतात, पण कुठल्याही कोनाला चालेल अशी रीत कंपास आणि पट्टीने शक्यच नाही, हे १८३७ साली वांझेल नावाच्या फ्रेंच गणितीने सिद्ध केलं.

कंस खोडू नका हं, रचना कशी केली ते त्यांच्यावरूनच कळतं.

आता घरी करायचं. लंब काढून ९० अंश, तो दुभागून ४५, परत दुभागून साडेबावीस. मग वेगवेगळ्या लांबीच्या बाजूंचा मोठासा त्रिकोण काढून तिन्ही कोन दुभागा, दुभाजक एकाच बिंदूत भेटले पाहिजेत, नसतील तर कंपास कुठे हलला ते शोधा. त्या बिंदूपासून एका बाजूवर लंब टाका, लंबाएवढी त्रिज्या घेऊन वर्तुळ काढा. ते तिन्ही बाजूंना टेकतं का बघा, आणि का टेकतं ते वहीत दोन ओळींत लिहून आणा.